डाव्या कानाने ऐकलेलं

शिरूरच्या कान-तपासणी शिबिरातले बेचाळीस आलेख करुणा दौंडच्या दवाखान्यात बसून रजिस्टरात उतरवत होती. शनिवार होता, साडेदहा वाजले होते. सत्ताविसाव्या कागदावर तिचा पेन थांबला.

कागदावर नाव होतं धुरपदा, वय चोपन्न, गाव पाबळ. खाली करुणाच्याच अक्षरात शेरा होता: ‘उजव्या कानात मळ. वहन-दोष. तेलाचे थेंब घालून आठ दिवसांनी मळ काढणे.’ शेऱ्यात तर वावगं काही नव्हतं. उजव्या कानाचे लाल गोल खाली साठ डेसिबलच्या आसपास ओळीने उभे होते. म्हणजे हेडफोनमधून, हवेतून जाणारा आवाज तिला फार मोठा केल्याशिवाय ऐकू येत नव्हता. कानामागच्या हाडावर ठेवलेल्या कंपकाच्या खुणा मात्र वर, दहावर होत्या. हवेची रेघ खाली आणि हाडाची वर. अशी फट दिसली की आतला कान चांगला, वाट तेवढी तुंबलेली, हे पहिल्या वर्षाची मुलंही सांगतात. आतला कान किंवा नसच गेली असती, तर दोन्ही रेघा बरोबरीने खाली आल्या असत्या आणि फट उरली नसती.

करुणा पाहत होती ती हाडाच्या खुणेचा आकार. लाल रंगात तिथे साधा कोन होता. तिथे चौकोनी कंस हवा होता.

तिने पेन खाली ठेवला.

कोन म्हणजे मास्किंग न करता घेतलेली चाचणी. कंस म्हणजे दुसऱ्या कानात खरखर सोडून, त्याला गुंतवून ठेवून घेतलेली. कंपक उजव्या कानामागे ठेवला तरी हलते ती सगळी कवटी, आणि डाव्या आतल्या कानालाही तो आवाज जवळजवळ तेवढाच पोचतो. डावा कान धडधाकट असेल तर उजव्याच्या नावावर तोच उत्तर देतो. धुरपदाबाईंचा डावा कान ठणठणीत होता. मग ते दहा कोणाचे?

आणि साठ तरी कोणाचे? हेडफोनमधला आवाज तेवढा मोठा झाला की तोही कवटीतून पलीकडे झिरपतो. सगळी लाल ओळ डाव्या कानाची सावली असू शकत होती. उजवा कान कदाचित काहीच बोलला नव्हता.

शिबिराच्या दिवशी शाळेच्या वर्गाबाहेर गर्दी होती, मास्किंगची खरखर सुरू केली की म्हातारी माणसं गोंधळून बटण दाबतच सुटत होती, आणि कानात डोकावल्यावर पिवळट मळ समोरच दिसला होता. मळाने एवढी मोठी फट सहसा पडत नाही, हे तिला तेव्हाही माहीत होतं. ‘मास्किंग नंतर’ असं तिने मनाशी म्हटलं होतं. ते नंतर आलंच नाही.

आता तिला बाईंचं बोलणंही आठवलं. “तेरवा रातच्याला निजले तवा बरी व्हते. सकाळी उठले तर कान बंद. रातकिडा वरडतोय नुसता.” एका रात्रीत बंद झालेला कान. नसेचा झटका असेल तर औषध पहिल्या दोन आठवड्यांत द्यायचं असतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. करुणाने बोटांवर मोजलं. शुक्रवारी सकाळी कान गेला, रविवारी शिबिर झालं. आज नववा दिवस होता.

कागदावर बाईंच्या लेकीचा, अक्षदाचा नंबर होता. तिसऱ्या वेळी फोन उचलला गेला.

“व्हय, बोला.”

“मी करुणा. शिरूरच्या शिबिरात कान तपासले होते ना तुमच्या आईचे...”

“हां हां, मॅडम! आई हितंच हाय, राहूला, माझ्याकडं. तेल घालतेय रोज, अगदी न चुकता. उशी तेलकट करून टाकली नुसती.”

“ऐकू येतंय का काही?”

“न्हाई ओ. तुम्ही आठ दिवस म्हणला व्हता म्हणून थांबलोय.”

करुणाने डोळे मिटले. “फोन स्पीकरवर टाका आणि त्यांना द्या. मावशी, ऐकू येतंय? तोंड मिटायचं आणि नाकातून नुसतं ‘म्ऽऽ’ करायचं. मोठ्यानं.”

“आता म्हाताऱ्या गायीवानी हंबरू व्हय?” पलीकडून आवाज आला.

“हंबरा, मावशी. आणि मला सांगा, तो आवाज कुठल्या कानात वाजतो. बंद कानात की चांगल्या?”

मळाने किंवा पडद्यामागच्या पाण्याने वाट अडली असेल, तर स्वतःचं हुंकारणं बंद कानातच घुमतं; नस गेली असेल तर चांगल्या कानात. बोट कानात घालून कोणीही करून पाहावं. फोनमधून लांबलचक हुंकार आला. अक्षदा हसली. करुणा मनातल्या मनात म्हणत होती, उजवा म्हणा, मावशी, उजवा म्हणा.

“डाव्यात,” धुरपदाबाई म्हणाल्या. “चांगल्या कानात वाजतंय. उजवीकडं काय सुदीक न्हाई.”

“परत करा.”

“पुन्यांदा बी डाव्यातच की.”

करुणा उठून उभी राहिली होती, हे तिला खुर्ची मागे भिंतीला लागल्यावर कळलं. “अक्षदा, आत्ता निघा. दौंडला या. सोमवारी नको, जेवण करून नको, आत्ता.”

“एवढं काय झालंय, मॅडम?”

“इथे आल्यावर सगळं सांगते. खरं खरं सांगते. निघा.”

डॉक्टर रविराज आतल्या खोलीत पेशंट पाहत होते. करुणाने कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि कोनावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, आधी कोन पाहिला, मग खालची सही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मीही सही केलीय याच्यावर,” ते एवढंच म्हणाले. “आल्या की पहिल्या आत घे.”

राहूहून दौंड म्हणजे मोटारसायकलवर तासाभराची वाट. तो तास करुणाला सरता सरेना. मधे दोन मुलं तपासून झाली. एकाला पडद्यामागे पाणी होतं, मास्किंग करून घेतलेली फट स्पष्ट होती, तरी तिने तीन वेळा पडताळून पाहिलं.

धुरपदाबाई आल्या त्या पदराने घाम पुसत. जावयाच्या गाडीवर त्या आणि अक्षदा, दोघी मागे बसून आल्या होत्या. “एक ट्रक आंगावरच आला बगा उजवीकडनं,” त्या म्हणाल्या, “मला ठावंच न्हाई. जावई वरडला तवा कळलं.” आणि हसल्या. करुणाला हसू आलं नाही.

डॉक्टरांनी आधी तेलात भिजलेला मळ काढला. हरभऱ्याएवढा गोळा ट्रेमध्ये पडला. अक्षदाचा चेहरा उजळला.

“निघालं की! आई, आता येतंय का गं?”

धुरपदाबाईंनी मान वाकडी करून कान दिला, उजव्या कानाशी बोटं चोळून पाहिली. मग पुन्हा चोळली. “वाट मोकळी झाली म्हंता ना डॉक्टर? मग वाजंना का?”

डॉक्टरांनी पुन्हा कानात डोकावून पाहिलं. पडदा मोत्यासारखा स्वच्छ होता. पडद्याची हालचाल मोजणाऱ्या यंत्राचा आलेखही नीट डोंगरासारखा आला. वाट अडवणारं काहीच उरलं नव्हतं.

बंद खोलीत बसवून करुणाने सांगितलं, “मावशी, डाव्या कानात स्टोव्ह पेटल्यासारखा भुस्स आवाज येईल. त्याच्याकडं लक्ष द्यायचं नाही. उजवीकडं टूं वाजलं तरच बटण दाबायचं. बारीक वाजलं तरी दाबायचं.”

“आन् न्हाई वाजलं तर?”

“नाही दाबायचं.”

काचेपलीकडे बाई डोळे मिटून बसल्या. त्यांनी बटण दाबलं की करुणाच्या यंत्रावर दिवा लागे. कंपक उजव्या कानामागे, आवाज एक हजार हर्ट्झचा, पातळी दहा. दिवा लागला. करुणाने डाव्या कानात खरखर सोडली. दिवा विझला. टूं वाढवत पंचविसावर नेल्यावर पुन्हा लागला. तिने खरखर दहाने वाढवली, पुन्हा विझला. उत्तर देणारा कान उजवा असता, तर डावीकडे कितीही खरखर झाली तरी दिवा विझला नसता. चाळीस. पुन्हा खरखर. पंचावन्न. खरखर वाढेल तशी खूण खाली घसरत होती, जणू कोणी आधार काढून घेतंय. सत्तरवर ती थांबली. खरखर अजून दहाने वाढवली, अजून दहाने. खूण तिथेच राहिली. हा उजवा होता. कंपकाची ताकदही तिथेच संपत होती. पाचशे आणि दोन हजार हर्ट्झला तर कंपकाच्या शेवटच्या आवाजालाही दिवा लागला नाही.

मग हेडफोन. मास्किंगखाली हवेची रेघही साठवरून घसरली: सत्तर, पंचाहत्तर, पंचाहत्तर, ऐंशी. हजाराला हवा पंचाहत्तर, हाड सत्तर. करुणाने कागदावर लाल कंस आखला. फट उरली नव्हती.

बाहेर येऊन तिने उभ्यानेच सांगितलं. मळ होता, पण दोष मळाचा नव्हता, नसेचा होता. रविवारी एक तपासणी अर्धीच केली होती. ती पुरी केली असती तर औषध त्याच दिवशी सुरू झालं असतं. “चूक माझी आहे,” ती म्हणाली. यंत्राचं नाव घेणं सोपं होतं. ते तोंडाशी आलंही होतं.

अक्षदाने पिशवीतून तेलाची बाटली काढून टेबलावर ठेवली. “म्हंजी आमी सहा दिवस तेल घालत बसलो. तुमच्या म्हणण्यावर.”

“हो.”

“आन् आता कान गेला तर?”

डॉक्टर म्हणाले, “काहींचं सगळं परत येतं, काहींचं अर्धं, काहींचं काहीच नाही. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही.” त्यांनी साखर तपासून स्टेरॉइडच्या गोळ्या लिहिल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शन कधी द्यायचं ते सांगितलं, पुण्याला एमआरआयची चिठ्ठी दिली.

धुरपदाबाईंनी सगळं डाव्या कानाने ऐकून घेतलं. मग करुणाला म्हणाल्या, “पोरी, तू तपासलंस न् तूच फोन केलास. दोन्ही ध्यानात ठेवीन मी.” त्यात माफी होती की धमकी, करुणाला कळलं नाही.

पुढचे दोन आठवडे अक्षदाचा एकही फोन आला नाही. करुणा रोज फोन करायची. पलीकडून “घेतेय गोळ्या” एवढंच ऐकू यायचं. भांडगावला घरी गेल्यावर आई काही विचारायची, करुणाचं लक्ष नसायचं, आणि आईला तेच दुसऱ्यांदा विचारावं लागायचं.

पंधराव्या दिवशी बाई पुन्हा त्या खोलीत बसल्या. अक्षदा काचेशी उभी होती. करुणाने डावीकडे खरखर सुरू केली, उजव्या हेडफोनात एक हजाराचा टूं सत्तरवर दिला. दिवा लागला. साठ. लागला. पन्नास. लागला. पंचेचाळीसलाही लागला, जरा उशिराने.

“येतंय?” अक्षदाने विचारलं.

“थांबा.”

एवढ्या चांगल्या आकड्यावर विश्वास ठेवायची करुणाला भीती वाटत होती. पुन्हा डावाच बोलत असेल तर? तसं असेल तर खरखर वाढताच दिवा विझेल. तिने खरखर दहाने वाढवली. पंचेचाळीस. दिवा लागला. तिने आणखी दहाने वाढवली. काचेपलीकडे धुरपदाबाईंच्या कपाळावर आठी पडली, अंगठा बटणावर टेकून राहिला. करुणाने टूं दिला.

दिवा लागला.