कागदापुरती मजुरी

सांगलीच्या विक्रीकर कचेरीत चिंतामणला सगळे वकीलसाहेब म्हणायचे. तो वकील नव्हता. बी.कॉम. होऊन साताऱ्याहून इथं आला, व्यापाऱ्यांची विक्रीकराची विवरणपत्रं भरू लागला, सुनावणीच्या तारखांना त्यांच्या बाजूनं उभा राहू लागला, आणि लोकांनी आपणहून ही पदवी चिकटवली. त्यानंही ती कधी खरवडून काढली नाही. फुकटचा मान कुणाला नको असतो?

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वाईट माणसाची गोष्ट सांगणं सोपं असतं.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर नानासो कंत्राटदार त्याच्याकडे आला. कवठे महांकाळच्या बाजूला एका शाळेच्या आठ खोल्यांचं काम त्याला मिळालं होतं. नानासोचं दुःख एकच, कर. पूर्वी इमारत बांधणाऱ्याला विक्रीकर नसे, आता का, म्हणून तो सुपारी चघळत चिडायचा. चिंतामण त्याला दरवर्षी तेच समजावून सांगायचा. इमारत बांधून देताना सिमेंट, लोखंड, विटाही आपण मालकाला विकतोच, असं सरकार धरतं. म्हणून कामाच्या रकमेचे दोन वाटे करायचे. मजुरीचा वाटा वजा, त्यावर कर नाही. मालाच्या वाट्यावर कर. त्यातही सिमेंट-लोखंड नोंदणी असलेल्या दुकानदाराकडून घेतलं, त्यानं बिलावर आपला नंबर आणि दाखला दिला, तर त्या मालावर एकदा भरला गेलेला कर आपल्या करातून परत वजा मिळतो. त्याला कचेरीत सेट-ऑफ म्हणत.

"आणि विटा?" नानासोनं विचारलं.

विटांचंच त्रांगडं होतं. विटा आकाराम देणार होता. आकाराम आणि त्याची बायको शालूबाई दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या कामाशेजारीच भट्टी लावत, म्हणजे वाहतूक वाचे. माती आकारामची, तळ्यातला गाळ पैसे भरून उचललेला. कोळसा आणि राख त्यानंच मिरजेहून आणलेली. पण त्याच्याकडे ना नोंदणी, ना बिलबुक. त्याच्या विटांवर कुणीच कर भरलेला नव्हता, म्हणून सेट-ऑफ शून्य, आणि विटांची सगळी किंमत मालाच्या वाट्यात.

चिंतामणच्या डोक्यात तेव्हा चमकलं. सुप्रीम कोर्टाचा नवा निकाल त्याच्या कपाटात होता. काय काय वजा करायचं याची यादी त्यात होती, आणि यादीत पहिल्याच ओळींत मजुरी, मग पोटकंत्राटदाराला मजुरीपोटी दिलेले पैसे. मग आकाराम विटा विकतोय असं म्हणायचंच कशाला? माती-कोळसा नानासोचा, आकाराम फक्त मजुरीवर विटा पाडून भाजून देतोय, असं लिहिलं की विटांचा मोठा हिस्सा मजुरीत गेला. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला की निकालाचं पुढचं पान उलटायचं राहिलं.

संक्रांतीच्या आठवड्यात साईटवरच करारपत्र झालं. आकारामला सही करता यायची. तीन अक्षरं झाल्यावर तो थांबला.

"माती माजी हाय न्हवं, सायेब?"

"तुझीच आहे. हे फक्त कागदापुरतं."

आकारामनं मान डोलावली आणि उरलेली सही पुरी केली. शालूबाई मागे उभी होती, हात चिखलानं भरलेले. तिनं चहा सांडू नये म्हणून कप ओट्यावर आत सरकवून ठेवला, एवढंच. आपलं काही चाललंय असं तिला वाटलं नाही. सायबाच्या कागदात आपलं काय असणार!

पहिली भट्टी निघाली. त्या विटांचे पैसे नानासोनं आकारामला ठरल्याप्रमाणे दिले, वीट म्हणूनच दिले. दुसरी भट्टी मोठी होती, चाळीस हजार विटांची. चैत्रात ती निवली, विटा चांगल्या खणखणीत निघाल्या, आणि त्याच आठवड्यात आकारामला ताप भरला. डोळे पिवळे झाले. मिरजेच्या दवाखान्यात चार दिवस होता. पाचव्या दिवशी शालूबाई एकटीच परत आली.

आकारामचे दिवस झाल्यावर ती साईटवर गेली तर विटांचे थर निम्मे उतरलेले. नानासोनं तिला बसवलं, पाणी दिलं, वाईट वाटलं म्हणाला, आणि खरंच वाटलंही असेल. पण जिल्हा परिषदेकडे त्याचं बिल अडकलं होतं, सिमेंटवाला दारात बसत होता, आणि हातात कागद होता. दर हजार विटांमागे पाडण्याची मजुरी त्यानं मोजून दिली. विटांचे पैसे मागितल्यावर करारपत्र पुढे केलं. यात माती माझी, कोळसा माझा, तुम्ही मजूर, मजुरी पोचली, विषय संपला.

ती एस.टी.नं सांगलीला आली. चिंतामणच्या ऑफिसात समोरच्या खुर्चीवर न बसता दाराशी बसली. पदरातून करारपत्राचा आकारामकडचा कागद काढला, तो तिनं दवाखान्याच्या पावत्यांत गुंडाळून आणला होता. भावकीतल्या कुणीतरी वाचून दाखवलं होतं तिला.

"तुमी हुता न्हवं तितं," ती म्हणाली. "आमच्या मालकानं इचारलं तवा तुमीच म्हनला, माती तुजीच. तेवडं नानासोला सांगा. मला दुसरं काय नगं. पुडल्या साली भट्टी लावाय माज्याकडं त्येवड्याच विटा हायत्या."

चिंतामणला सगळं स्पष्ट आठवत होतं. कपसुद्धा आठवत होता. आणि हेही दिसत होतं, की आपण खरं बोललो तर नानासोचा करार खोटा ठरतो, मजुरीची वजावट जाते, खोटा कागद केला म्हणून दंड येतो, आणि हे सगळं करून दिलं कुणी, तर वकीलसाहेबांनी. मग उद्या कोण येणार त्यांच्या दारात? नानासोशी बोलतो, असं तो म्हणाला. कागदावर आहे तेच लोक धरतात, असंही म्हणाला. मग खिशातून दोनशे रुपये काढून पुढे केले. शालूबाईनं नोटांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि कागद परत पावत्यांत गुंडाळून उठली. नोटा टेबलावरच राहिल्या.

तो नानासोशी बोललाच नाही. एकदा फोन उचलला होता, पण सिमेंटच्या बिलांचं विचारून ठेवून दिला. मनाला समजावलं, की आपण अशिलाचं नुकसान करू शकत नाही, हा धर्म आहे आपल्या धंद्याचा. माणसाला गप्प बसायचं असलं की धर्म लगेच सापडतो.

शहाण्णवच्या श्रावणात त्या वर्षाची सुनावणी लागली. अधिकारी तरुण होते, आवाज न चढवता बोलणारे. सिमेंट-लोखंडाची बिलं त्यांनी एकेक पाहिली, नंबर आणि दाखला तपासला, सेट-ऑफ मान्य केला. सेंटरिंगच्या प्लेटांवर मागितलेला मात्र कापला. प्लेटा काम झाल्यावर तुम्ही परत नेता, त्या इमारतीत जात नाहीत, मग त्यांचा सेट-ऑफ कसा, असं त्यांनी विचारलं. चिंतामणनं वाद घातला नाही. अधिकाऱ्यांनी गवंड्यांचं हजेरीचं मस्टर पाहिलं, ती मजुरी वजा दिली. मग करारपत्र हातात घेतलं. 

अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचलं. करार खरा की खोटा यात ते शिरलेच नाहीत.

"हे खरं धरलं तरी वजावट मिळत नाही, चिंतामणराव. विटेची किंमत धरायची ती वीट भिंतीत बसते त्या वेळची. ती पाडायला, भाजायला लागलेली मजुरी तिच्या किमतीतच आली. वजा होते ती भिंत बांधण्याची मजुरी. निकालात आहे की, यादीच्या पुढेच."

विटांची सगळी किंमत मालात धरली गेली. सेट-ऑफ अर्थातच नव्हता, कारण मागे कुणी कर भरलाच नव्हता. खरं लिहिलं असतं तर जवळजवळ तेवढाच कर लागला असता. तेलही गेलं, तूपही गेलं. नानासो बाहेर पायरीवर दोन शिव्या हासडून पुढच्या कामाच्या टेंडरचं बोलायला लागला. त्याच्या लेखी प्रकरण मिटलं होतं.

चिंतामण घरी न जाता ऑफिसात गेला आणि कपाटातून तो निकाल काढला. यादी संपली होती त्याच्या पुढच्या पानावर ती ओळ होती. अडीच वर्षं तिथंच होती. त्यानं डोकं टेबलावर टेकवलं आणि रडला, बऱ्याच वर्षांनी रडला. चूक झाली म्हणून नव्हे. चुका त्याच्या पूर्वीही झाल्या होत्या. ज्या वजावटीसाठी तो त्या बाईसमोर गप्प बसला होता, ती वजावट मुळात नव्हतीच.

पाऊस सरल्यावर, भट्ट्यांचा हंगाम सुरू झाला तेव्हा, तो तिला शोधायला निघाला. मिरजेच्या बाहेर दुसऱ्याच कुणाच्या भट्टीवर ती सापडली. उन्हात बसून विटा पाडत होती. साच्यात चिखल, वरून हात फिरवायचा, साचा उचलायचा, पुढे सरकायचं. केस पांढरे झाले होते. त्याला तिनं ओळखलं, पण हात थांबवला नाही.

तो तिच्याजवळ उकिडवा बसला. सगळं सांगितलं. आपण लिहून देतो म्हणाला, माती आकारामची होती असं, स्टॅम्प पेपरवर, कोर्टात येऊन उभाही राहतो, धंदा गेला तरी चालेल.

"त्या विटा आता शाळंच्या भितीत हायत्या," ती म्हणाली. "पोरं बसत्याली तितं. काडून का देनार हाय कोन? आन कोरटाला मी कवा जाऊ? हितं हजारावर पैसं हायती. एक दीस बुडला तर मुकादम दुसरीला बशिवतो."

तिनं आणखी दोन विटा पाडल्या. मग विचारलं, "त्या कागदानं नानासोचा किती कर वाचला?"

खोटं बोलावं असं चिंतामणला त्या क्षणी फार वाटलं. मोठा आकडा सांगावासा वाटला.

"काहीच नाही वाचला."

तिचा हात साच्यावर थांबला. पहिल्यांदाच तिनं मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्यानं तो आनंदानं घेतला असता.

"कायबी न्हाई?" ती म्हणाली. "मला वाटायचं, आमचं गेलं तर गेलं, कुनाचं तरी भलं झालं आसंल."

मुकादमानं लांबून हाक मारली. तिनं साचा उचलला, ओली वीट रांगेत सोडली, आणि चिखलात हात घालून पुढे सरकली.