घरचं माप

रतनबाईच्या शिलाईखान्यात मापांना आकडे नव्हते, माणसं होती. बारीक अंगाला गोरक्षचं माप, मध्यम अंगाला छगनचं, पोट सुटलेल्याला आबासाहेबांचं. ज्याच्यासाठी तसा नेहरू शर्ट पहिल्यांदा बेतला, त्याचं नाव त्या मापाला चिकटायचं. पुढं तो माणूस गेला तरी त्याचं माप खुंटीवर राहायचं, खाकी कागदाच्या फर्म्याच्या रूपात.

ही पद्धत तिच्या नवऱ्याची, सहादूची. शर्टांचं गाठोडं खांद्यावर टाकून तो राहुरी, सोनई, नेवासा असे आठवडे बाजार करायचा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा महेंद्र पुण्यात कंपनीत. आता बाजाराला जाणारं कुणी नव्हतं, म्हणून सून दीपानं शर्ट इंटरनेटवर विकायला ठेवले. ऑर्डर पुण्यात दीपाच्या मोबाईलवर यायची आणि माल देवळाली प्रवऱ्यातून रवाना व्हायचा. दिवसभर शिवायला सविता यायची. पाच वाजता ती गेली की शेडमध्ये पंख्याचा आवाज तेवढा उरायचा. रतनबाई तो लवकर बंद करत नसे.

धंदा वाढला तसा घोळ वाढला. दीपानं सुचेल तसं एकेक टाकत नेलं होतं. ‘पांढरा नेहरू शर्ट’, ‘पांढरा शर्ट नवीन’, ‘पांढरा मोठा’. एकच शर्ट तीन ठिकाणी, आणि शिल्लक किती ते एकाही ठिकाणी खरं नाही. मग नागपूरच्या गिऱ्हाइकानं छाती बेचाळीस सांगून मागवलेला शर्ट परत पाठवला. छातीला बरोबर, पण लांबीला गुडघ्यापर्यंत. दीपा लॅपटॉप घेऊन देवळालीला आली.

“आई, सगळं नव्यानं मांडू,” ती म्हणाली. “नेहरू शर्ट हा एकच माल. त्याच्या पोटात रंग आणि मापं. प्रत्येक रंगाच्या प्रत्येक मापाला स्वतःचा कोड, आणि शिल्लक त्या कोडावर मोजायची. एनएस म्हणजे नेहरू शर्ट, पीए म्हणजे पांढरा, पुढं माप. एनएस-पीए-चाळीस.”

“म्हंजी छगन,” रतनबाई म्हणाली.

“छगन म्हणजे चाळीस.”

सविता मशीनवरून हसली. “मावशी, आबासाहेबांना कळलं की आपन चव्वेचाळीस झालो, तर वरून खाली येतील भांडायला!”

“येऊ दे की,” रतनबाई म्हणाली. “तेवढंच कुनीतरी येईल.”

दीपानं मान खाली घालून टाईप करत राहणं पसंत केलं.

मापांचा तक्ता करताना मात्र रतनबाईला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी टेबलापाशी कुणीतरी तिच्याशी बोलत होतं. दीपानं दोन रकाने केले: एक अंगाच्या छातीचा, एक शिवलेल्या शर्टाच्या घेराचा. चाळीसच्या अंगाला शर्ट चव्वेचाळीस भरतो. गिऱ्हाइकाला हे वेगवेगळं दाखवलं नाही, तर तो अंग मोजून शर्टाचा आकडा निवडतो आणि माल परत येतो. मग लांबी, बाही, खांदा. फर्मे एकेक करून खुंटीवरून उतरले आणि त्यांच्यावर दीपानं मार्करनं आकडे घातले. आकडा घातला की रतनबाई फर्मा हातात घेऊन क्षणभर बघायची, मग परत टांगायची.

तिसऱ्या दिवशी शिल्लक मोजताना दीपाला कपाटात शर्टांची थप्पी सापडली. पांढरे, बदामी, फिकट निळे. छातीला बेचाळीस, पण लांब. नागपूरला गेला तो यातलाच एक.

“आई, हे कुठल्या मापाचे?”

“घरचं माप हाय ते.”

“घरचं म्हणजे कुणाचं?”

रतनबाईनं वरच्या शर्टाची घडी सारखी केली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. म्हणून सगळ्या मापांना नावं होती आणि त्या एकाला ‘घरचं’. सहादू असताना नवा तागा फोडला की पहिला शर्ट त्याचा निघायचा. तो गेल्यावरही हात थांबला नाही. ताग्यामागं एक शर्ट ती बेतत राहिली, शिवून, इस्त्री करून कपाटात ठेवत राहिली. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

सासऱ्यांची उंची आठवून दीपाला कळलं तेव्हा तिचे डोळे भरले. पण ती व्यवहाराची पोरगी होती.

“आई, उंच माणसांना लांब शर्ट मिळत नाही. तुमची हरकत नसेल तर बेचाळीस लांब म्हणून वेगळं माप लावते. कोडाच्या शेवटी एल. साध्या बेचाळीसला रेग्युलरचा आर. मग अदलाबदल होणार नाही. नसेल चालत तर राहू द्या, मोजणीत धरत नाही.”

रतनबाई थप्पीवर हात ठेवून बसली. कपाटात ठेवलेलं माणसाच्या अंगावर जात नाही. बाहेर गेलं तर कुणीतरी ते घालून चालेल, जेवेल, लग्नाला जाईल.

“लाव,” ती म्हणाली.

दीपा पुण्याला गेली. एल लागलेले शर्ट एकामागून एक जायला लागले. नाशिक, लातूर, कोल्हापूर. पिशवीवर कोडाची चिठ्ठी चिकटवताना रतनबाई गावाचं नाव दोनदा वाचायची. सहादूच त्या गावाला गेला, असं तिला वाटायचं.

मग एक परत आला. आठवड्यात आणखी दोन आले. दीपाचा फोन आला.

“आई, तिघांची एकच तक्रार आहे. डावा खांदा लोंबतो. शिवताना काही चुकलं का?”

“न्हाई चुकलं.”

“मग?”

“त्यांचा खांदाच तसा हुता. गाठोडं डाव्या खांद्यावर असायचं ना. मी अर्धा इंच उतरता बेतायची. सवय झाली. मला तो सरळच दिसतो.”

फोनमधून लॅपटॉपच्या कळांचा आवाज आला.

“आई, तक्त्यात दोन्ही खांदे सारखे धरलेत,” दीपा हळूच म्हणाली. “माप म्हटलं की ते कुणालाही बसायला पाहिजे. उरलेले सहा मी विक्रीतून काढलेत, ते तुमच्याकडे ठेवा. लोक बेचाळीस लांब मागतायत, पण त्याला नवा फर्मा लागेल. नसेल करायचा तर माप बंद करते. तुम्ही सांगाल तसं.”

“नवा केला तर ते त्यांचं ऱ्हात न्हाई.”

“नाही राहत.”

“आन् त्यांचा कोड?”

“तो बंद. नव्याला नवा कोड. एलच्या पुढं दोन लावते, म्हणजे जुन्या-नव्याची गल्लत होणार नाही. जुना पुसत नाहीत आई, विकलेल्या शर्टांच्या नोंदी त्याच्यावर असतात. आणि एकदा बंद केलेला कोड पुन्हा दुसऱ्या मालाला द्यायचा नाही, असा नियम आहे.”

“कुनालाच न्हाई?”

“कुणालाच नाही.”

रतनबाईनं फोन खाली ठेवला. सविता गेलेली होती. तिनं घरचा फर्मा टेबलावर पसरला. बाकीचे सगळे अर्धे होते, कापडाच्या घडीवर ठेवून कापायचे. हा तेवढा अख्खा होता, कारण त्याच्या दोन बाजू एकमेकींसारख्या नव्हत्या. तिनं उजवा खांदा मोजला, लांबी मोजली. मग खाकी कागदाचा नवा ताव घेतला आणि मधोमध दुमडला. घडीवर एकच बाजू आखली आणि कात्री चालवली. कागद उलगडला तेव्हा दोन्ही खांदे सारखे होते.

तिनं तो पुन्हा मिटला, त्यावर आकडा घातला आणि खुंटीवर टांगला.