थांबायच्या जागा

कोल्हापूरहून पोस्टकार्ड आलं ते प्रेमाच्या बाबांनी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा वाचायला तिच्या हातात दिलं. लहूकाकांच्या सुनेनं, मालननं लिहिलं होतं. ‘मामंजींना अर्धांगाचा झटका येऊन गेला. ओळखतात, थोडं बोलतात. रोज धोंडूदादांचं नाव काढतात. त्यांना मुंबईला आणणं आता होणार नाही. तुम्हीच येऊन जावं.’

लहूकाका आणि बाबा, म्हणजे धोंडू, लालबागच्या गिरणीत एकतीस वर्षं शेजारशेजारच्या मागावर होते. एक कोल्हापूरचा, एक मालवणकडचा. भांडले सगळ्यांशी, एकमेकांशी मात्र कधी नाही. संप झाला, गिरणीचं दार बंद झालं ते झालंच. लहूकाका मुलाकडे कोल्हापूरला गेले आणि बाबा घाटकोपरला भटवाडीतल्या चाळीत राहिले. त्याला आता चार वर्षं झाली होती.

“जाऊन येऊ या बाबा,” प्रेमा म्हणाली.

“माका जमाचा नाय.”

का जमणार नाही ते प्रेमाला ठाऊक होतं. मागल्या वर्षी लग्नाला गावी जाताना पनवेलच्या एसटी स्टँडवर नंदकिशोर नावाचा पुतण्या चारचौघांत म्हणाला होता, “काका, जरा पाय उचला की! तुमच्यापायी गाडी चुकायची.” गाडी चुकली नाही. उलट अर्धा तास उशिरा सुटली. पण बाबांनी कानाला खडा लावला तो लावलाच. तेव्हापासून त्यांनी घाटकोपर सोडलं नव्हतं.

तरी पोस्टकार्ड काही कपाटात गेलं नाही. बाबा सदरा बदलायचे आणि कार्ड जुन्या खिशातून नव्या खिशात जायचं. आठवडाभर प्रेमा हे बघत होती. अखेर रविवारी चहा पिताना बाबांनीच विषय काढला.

“येतंय मी. पण आधीच सांगतंय. माझ्यासाठी कोण थांबलेला माका चलाचा नाय. एकदा जरी कोण माझी वाट बघत थांबला, तर मी थंयसूनच परत फिरतलंय.”

“कोणी थांबणार नाही. शब्द देते,” प्रेमा म्हणाली.

शब्द तर दिला. मग बाबा भाजी आणायला निघाले तशी ती गुपचूप त्यांच्या मागून निघाली. आपल्या बापाचा असा पाठलाग करणं बरं नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण बाबा किती चालतात हे बाबांना विचारलं असतं तर त्यांनी “लागात तितक्या” एवढंच उत्तर दिलं असतं.

बाबा शिंप्याच्या दुकानाशी थांबले. “काय रे, धंदा कसो काय?” पुढे पिठाच्या गिरणीवाल्याशी थांबले, पीठ बारीक येत नाही म्हणून. मग नळाच्या कोपऱ्यावर एका बाईच्या नातवाची चौकशी झाली. पुढे पानवाला. प्रेमा दर वेळी लांब उभी राहून बघत होती. आपले बाबा मोठे गप्पिष्ट, अख्ख्या भटवाडीची खबर ठेवतात, असंच ती इतकी वर्षं समजत आली होती. आज तिला बाबांचा हात दिसला. शिंप्याशी बोलताना दाराच्या चौकटीवर होता, पानवाल्याशी बोलताना टपरीच्या फळीवर. बोलून झालं तरी ते निघत नव्हते. गुडघा हलकेच दोनदा वाकवून बघत आणि मगच पाऊल टाकत. दोन थांब्यांमध्ये सत्तर-ऐंशी पावलं, त्याहून जास्त नाही.

म्हणजे गप्पा हे थांबायचं निमित्त होतं. आणि लगेच दुसरा विचार आला तो कामाचा होता: स्टेशनात बाबांच्या ओळखीचं कोण असणार? तिथे कोणत्या निमित्तानं थांबतील?

प्रेमा मुलुंडच्या औषध कंपनीत पॅकिंगला होती. गोळ्यांच्या पाकिटांचा हिशेब चुकत नसे तिचा. हाही चुकू द्यायचा नाही असं तिनं ठरवलं. बाबा थांबले असं दिसायला नको असेल, तर ती थांबेल. तिची चप्पल निघेल, तिची पिशवी जड होईल, तिला तहान लागेल. बाबा तिच्यासाठी थांबतील. मग शब्दही मोडणार नाही.

दहिसरहून भाऊ, जयवंत आला. त्यानं नेहमीप्रमाणे बसायच्या आधीच सल्ला दिला. “दादरला चढव ना त्यांना. व्हीटीपर्यंत कशाला उलटं जायचं?”

“दादरला गाडी उभी किती राहते? आपला डबा पुढे आला तर बाबा पळणार आहेत का?”

“अगं, मी उचलून चढवीन!”

“तू उचललंस की ते दुसऱ्या दारानं उतरतील आणि घरी येतील.”

जयवंत हसला, कारण हे खरं होतं.

व्हीटीला मात्र कोल्हापूरची महालक्ष्मी एक्स्प्रेस सुटायच्या बरीच आधी लागते. लोकल शेवटाला येऊन थांबते, तेव्हा उतरायची घाई नाही. लोकलच्या फलाटावरून लांबच्या गाडीच्या फलाटावर जायला तिथे पूलही चढावा लागत नाही, सगळं सपाट. तिकडे कोल्हापूरलाही गाडी शेवटच्याच स्टेशनात उभी राहणार. पुढे मालनचं घर रिक्षानं दहा मिनिटं. मुक्काम तिच्याकडेच, म्हणजे लॉजचा खर्च नाही. शुक्रवारी निघायचं, शनिवार-रविवार लहूकाकांपाशी, रविवारच्या गाडीनं परत. टॅक्सी आणि हमाल या दोन गोष्टी बजेटात बसत नव्हत्या, त्यामुळे त्यांचा विचारच नको.

एका शनिवारी अर्धी सुट्टी टाकून ती व्हीटीला रिझर्वेशनच्या रांगेत उभी राहिली. फॉर्मवर ‘खालचा बर्थ’ असं मोठ्या अक्षरात लिहून खाली रेघ मारली. कारकुनानं रजिस्टरात पाहून दिलाही. परतीचं आरक्षण मात्र कोल्हापूरला केलेल्या तारेवर अवलंबून. तिकडून काय उत्तर येईल आणि कधी, त्याची खात्री नाही. मग तिनं मालनलाच पत्र टाकलं: कोल्हापूरच्या खिडकीवर परतीची दोन तिकिटं काढून ठेव, एक बर्थ खालचाच हवा. पैसे मनीऑर्डरनं गेले.

रांगेतून सुटल्यावर ती फलाटावर गेली आणि पावलं मोजत चालली. चहाच्या स्टॉलवाल्याला विचारून आपला डबा साधारण कुठे उभा राहतो ते पाहून घेतलं. गोळ्यांच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिनं लिहिलं: ‘पुस्तकांचा स्टॉल – मासिक घेणे. पाण्याचा नळ – तहान. वजनकाटा – चप्पल. चार्ट – नावं बघणे, सावकाश.’

घाटकोपरचा पूल तेवढा उरला. तो टळत नव्हता. व्हीटीची गाडी पलीकडच्या फलाटावर लागायची आणि पुलाच्या जिन्याच्या मध्यावर, जिथे तो वळतो तिथे, बाबांना दम खावाच लागणार होता. त्या वळणावर उभं राहून प्रेमानं पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘चप्पल – इथेसुद्धा,’ आणि तिच्या डोक्यात जुनी तिडीक उठली.

नऊ वर्षांपूर्वी आईला, शेवंतीला, दम्यानं धरलं होतं. तिला राजावाडीच्या इस्पितळात न्यायचं म्हणजे हाच पूल. एका बाजूनं बाबा, एका बाजूनं प्रेमा. आणि नेमके याच वळणावर बाबा थांबून विडी तोंडाला लावायचे. काडी ओढायचे, पेटायची नाही, परत ओढायचे. आईला धाप लागलेली आणि यांना विडी सुचते! प्रेमा तेव्हा काही बोलली नाही. आई गेल्यावरही बोलली नाही. बाकी सगळं तिनं बाबांना माफ केलं होतं, ती विडी तेवढी राहून गेली होती.

शुक्रवार उजाडला. चपात्या, बटाट्याची भाजी, बाबांची गोळी, लहूकाकांसाठी कोकमं. चारच्या आत निघायचं ठरलं होतं, म्हणजे ऑफिसं सुटायच्या आधी व्हीटी. जयवंत सामान घेऊन पुढे गेला. गाडीत आधी चढून त्यानं दाराशी हात द्यायचा, एवढंच काम त्याला दिलं होतं.

भटवाडीतून स्टेशनापर्यंत काही अडलं नाही. शिंपी होता, गिरणीवाला होता, पानवाला होता. प्रत्येकाला बाबांनी सांगितलं, “कोल्हापुराक चाललंय. लहूक बघूक.” सदऱ्याच्या खिशात पोस्टकार्ड होतं.

पुलाच्या जिन्यावर बाबा कठडा धरून चढले. वळण आलं. प्रेमा खाली वाकली.

“थांबा हं बाबा, चपलेचा अंगठा निघाला.”

बाबा थांबले. कठड्याला टेकले. खाली एक गाडी आली आणि गेली. प्रेमा अंगठ्याशी उगाच खटपट करत होती. शंभरपर्यंत मोजायचं तिनं ठरवलं होतं.

“नवी चपली ती,” बाबा म्हणाले. “गेल्या म्हयन्यात घेतलंस. अंगठो शिवलेलो हा.”

प्रेमाचं मोजणं चुकलं. तिनं वर पाहिलंच नाही. संपलं, तिला वाटलं. आता हे वळतील, जिना उतरतील आणि लहूकाका तिकडे वाट बघत राहतील. तिचे डोळे भरून आले.

“परत नका फिरू बाबा,” ती तशीच वाकून म्हणाली. “तुमच्यासाठी नाही थांबले मी. खरंच नाही.”

बाबांनी सदऱ्याच्या बाजूच्या खिशात हात घातला, पण तो रिकामाच बाहेर आला. विडी त्यांनी सोडली होती, आई गेली त्याच वर्षी.

“हंयच थांबायचंय मी,” ते म्हणाले. “तुझ्या आवशीवांगडा. तिका दम लागायचो, पण थांबूया म्हटला की रडायची. माझ्यामुळे तुमका त्रास, म्हणायची. मग मी इडी काढायचंय.”

“ती पेटायची नाही,” प्रेमा म्हणाली.

“पेटतली कशी? काडेपेटीत जुन्यो जळक्यो काड्यो भरून आणायचंय.”

प्रेमा उठून उभी राहिली. नऊ वर्षं तिनं ज्या माणसावर मनात राग धरला होता तो तिच्यासमोर कठड्याला टेकून, गुडघा वाकवून बघत होता. तिनं एवढंच विचारलं, “आईला कळलं होतं?”

“सुरवातीकच.” बाबा हसले. “शेवटच्या खेपेक घराकडसून निघताना माका म्हणाली, आज दोन काडेपेट्यो घेवा. एक पुराची नाय.”

प्रेमानं पदरानं डोळे पुसले, बाबांनीही धोतराच्या सोग्यानं पुसले, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मग तिनं पिशवीतून तो पुठ्ठा काढून बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला, वरपासून खालपर्यंत, पोस्टकार्डासारखा.

“वजनकाट्याकडे कित्याक थांबायचा? थंय टेकाक काय हा?”

“नाही.”

“मग ता खोड. नळाकडेच वायच जास्त थांबूया.” त्यांनी पुठ्ठा पोस्टकार्डाच्या खिशात ठेवला आणि कठड्यावरचा हात काढून तिच्या खांद्यावर ठेवला. “चल आता. जयवंत थांबलो असतलो.”