चढती ओळ

चष्मेवाल्याला जगात एकाच प्रश्नाची मनापासून चीड होती, आणि तो म्हणजे "ओळखलंत का?" गिऱ्हाईक दुकानात शिरणार, काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवणार, तोंडभर हसणार आणि एवढं विचारून गप्प उभं राहणार. मग चष्मेवाल्याने घाम पुसत बसायचं. त्याच्या लक्षात चेहरे राहतच नसत, नंबर राहत. तोच माणूस नाकावरचा चष्मा काढून समोर ठेवायचा अवकाश, की काच बोटांत फिरवून हा म्हणे, "या, या. उजवा उणे सव्वातीन, डावा उणे अडीच. मुलगी आता कॉलेजात असेल ना?" बायको म्हणायची, उद्या मी चष्मा बदलला तर मला घराबाहेर उभं कराल. यावर तो हातातली काच पुसत बसे, कारण त्याची त्यालाच खात्री नव्हती.

असल्या माणसाने निदान स्वतः तरी हा प्रश्न कुणाला विचारू नये. पण त्या दिवशी दुपारी दुकानाचं दार उघडं राहिलं आणि बाहेरून आलेल्या दोघींपैकी म्हातारीने मागे न बघता एकच शब्द उच्चारला, "दार." तिच्या लेकीने मुकाट्याने दार लावलं. आणि काउंटरमागे पंचेचाळीस वर्षांचा चष्मेवाला ताठ उभा राहिला, हात मागे बांधून. हा आवाज त्याने सहावीत वर्षभर ऐकला होता. बाई! त्याच्या वर्गाच्या बाई.

आनंदाच्या भरात त्याने नेमकं नको तेच केलं. काउंटरला वळसा घालून पुढे आला, वाकून नमस्कार केला, तोंडभर हसला आणि म्हणाला, "बाई, ओळखलंत का?"

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे साधारण त्याच्या दिशेला पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही प्रेमळ हसू आलं, की चष्मेवाल्याचं स्वतःचं हसू जागीच विरलं. हे हसू त्याच्या पूर्ण ओळखीचं होतं. रोज चार वेळा तो स्वतःच ते हसत असे.

"अरे, तू होय!" बाई म्हणाल्या. "केवढा मोठा झालास. काय करतोस हल्ली?"

चष्मेवाल्याच्या अंगात पांढरा कोट होता, गळ्यात मोजपट्टी होती आणि मागच्या भिंतीवर तीनशे चष्मे लटकत होते. लेकीने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा आईकडे. "कोण गं हे, आई?" तिने हळूच विचारलं. त्यात कुचेष्टा नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त वाईट वाटलं. बाईंनी पर्सचा पट्टा मुठीत घट्ट धरला.

बाईंना खुर्चीत बसवून लेक त्याला बाजूला घेऊन गेली आणि भरभर सांगत सुटली. आई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. गेल्या महिन्यात तिने पाहुण्यांच्या चहात मीठ घातलं. शेजारीण समोरून हसली तर तिला ओलांडून गेली. परवा तर भर रस्त्यात सख्ख्या जावयाला ओळख दिली नाही, आणि तो दिवसभर मी काय केलं, मी काय केलं करत बसला. आता हे एकतर डोळ्यांमुळे असेल, नाहीतर डोक्यामुळे. डोक्यामुळे असेल तर येत्या रविवारी घराला कुलूप घालून आईला आपल्याकडे न्यायचं तिने ठरवलं होतं. आई जन्मात माफ करणार नाही, हेही तिला ठाऊक होतं.

"डोळेच असू देत हो," ती म्हणाली, आणि तिचेच डोळे भरून आले.

चष्मेवाल्याने खरं तेच सांगितलं. डोळ्यांचं मी सांगेन, आठवणीचं मला कळत नाही. पण त्याला स्वतःची भयंकर शरम वाटली. मीठ, शेजारीण, जावई या यादीत चौथी नोंद त्यानेच आपल्या हाताने करून दिली होती. आता निस्तरायलाही त्यालाच हवं होतं.

आपली गाळण उडते तेव्हा समोरच्याने काय केलं तर बरं वाटतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. विचारायचं नाही, सांगून टाकायचं. आणि तेही तिसऱ्याच माणसाला सांगायचं, म्हणजे ज्याला हवं त्याला ते आयतं ऐकू येतं. बाईंच्या खुर्चीमागे उभा राहून तो लेकीला म्हणाला, की ताई, तुम्हाला काय माहीत असणार म्हणा, बत्तीस-तेहतीस वर्षं झाली. मी बाईंच्या सहावीच्या वर्गात. पायऱ्यांखालची ती अंधारी खोली, तिथे भिंतीकडचा तिसरा बाक. तेव्हा मी काडीसारखा होतो आणि डोक्यावर केस होते. आता बाईंनीच काय, माझ्या आईनेही पटकन ओळखलं नसतं.

छान जमलं होतं. बाईंची मूठ सैल झाली. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर निभावलं असतं. पण वाट मोकळी दिसताच त्या सुसाट सुटल्या. "म्हणजे खिडकीतून उडी मारून पळालेला तो तूच!"

"तो माझ्या पुढच्या बाकावरचा, बाई. मला धीर झाला नाही."

"हां, हां. नाटकात राजा झाला होतास."

"मी पडदा ओढत होतो."

लेकीच्या कपाळावर आठी चढली. चष्मेवाल्याने मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. हो म्हणायला काय जात होतं? पण बाईंसमोर खोटं बोलायची त्याची आजही छाती नव्हती.

त्याने तपासणी सुरू केली. बाईंचा चष्मा काढून उजेडात धरला आणि मान हलवली. नंबर सहा-सात वर्षांपूर्वीचा आणि काचांवर इतके ओरखडे, की जणू भांडी घासायच्या घासणीने रोज पुसल्या होत्या. बाईंच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवली, उजवा डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. बाईंनी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि पुढच्या तीन ठोकून दिल्या. खणखणीत आवाजात, न अडखळता, साफ चूक. एखाद्या नवशिक्याने पूर्ण मार्क दिले असते.

चष्मेवाला वाकून हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगायचात. येत नसेल तर येत नाही म्हणायचं, ठोकून द्यायचं नाही."

बाईंनी मांडीवरची पर्स सरळ केली. मग म्हणाल्या, "येत नाही."

मग काम सुरळीत चाललं. एक काच घालायची, एक काढायची, हे बरं की हे, आता हे की मघाचं. उजवा अधिक दोन. डावा अधिक पावणेतीन, शिवाय त्यात मोतीबिंदूची जराशी सुरुवात दिसत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल, हे त्याने तिथल्या तिथे लेकीला सांगून टाकलं. या नजरेने मीठ आणि साखर सारखीच दिसणार, आणि चार हातांवरचा जावई म्हणजे नुसता शर्ट. लेकीने मोठा श्वास सोडला.

आणि तेव्हाच बाईंनी त्या जड चौकटीतून थेट चष्मेवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं. टक्कल, मिशी, हनुवटीवरचा तीळ, सगळं नीट पाहून घेतलं.

"आता स्वच्छ दिसतोयस," बाई म्हणाल्या. "आणि खरं सांगायचं तर मी तुला ओळखलेलं नाही. मघाशीही नाही आणि आत्ताही नाही."

लेक खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. आता डोळ्यांवर ढकलायची सोय उरली नव्हती. रविवार पुन्हा डोक्यावर येऊन बसला.

चष्मेवाल्याच्या हातात बाईंचा जुना चष्मा होता. आपल्या सवयीने तो बोटांत फिरवता फिरवता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण चेहऱ्याने ओळखत नाही, काचेने ओळखतो. मग बाईंनी तरी चेहऱ्याने का ओळखावं? वर्गात बाईंनी मान वर केलेली त्याने कधी पाहिलीच नव्हती. टेबलावर वह्यांचा ढीग, मान खाली, हातात लाल पेन. वही उघडली की हाक यायची, आणि हाकेच्या टोकाला कुणीतरी पोरगं असायचं. आणि हा शहाणा मघापासून त्यांना पोरगंच दाखवत होता.

त्याने चौकटीत वाचनाच्या काचा चढवल्या. जवळचं वाचायचं छापील कार्ड खणात पडलं होतं, ते तसंच राहू दिलं. एक कोरा कागद घेतला, रेघा नसलेला, आणि उभ्याउभ्याच चार ओळी खरडून बाईंच्या हातात दिला. "जवळची नजर बघतो. घाई करू नका."

बाई मोठ्याने वाचू लागल्या. "मी तुमच्या सहावीच्या वर्गात होतो. भिंतीकडचा तिसरा बाक. निबंधाची वही तुम्ही मला अकरा वेळा परत लिहायला लावलीत. तेव्हा राग आला होता, आता रोज चारशे बारीक आकडे न चुकता लिहितो, ते त्यामुळे..."

त्या थांबल्या. त्यांनी कागद जरा लांब धरला, जरा तिरका केला, मग स्वतःच मान तिरकी केली. प्रत्येक ओळ डाव्या कोपऱ्यातून निघून उजवीकडे वर वर चढत गेली होती, आणि शेवटचा शब्द पहिल्यापेक्षा दोन बोटं उंच जाऊन बसला होता.

"गिर्यारोहक!" बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्याचे हात आपोआप मागे बांधले गेले. हे नाव त्याने कागदावर लिहिलं नव्हतं, तोंडानेही काढलं नव्हतं. या नावाने त्याला जगात एकाच माणसाने हाक मारली होती.

"मेल्या, रेघा आखलेल्या वहीतसुद्धा तू डोंगर चढायचास," बाई आता थांबेनात. "निळं पुठ्ठ्याचं कव्हर, त्यावर शाईचा डाग. घरी जेवताना मी हिच्या बाबांना दाखवायचे, बघा, आमचा गिर्यारोहक आज कुठवर पोचला."

"कव्हरवरचा डाग होडीसारखा होता," लेक अचानक म्हणाली. "मला आठवतंय. मी तेव्हा बालवाडीत होते." आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

चष्मेवाल्याने मग बाईंची माफी मागितली. मघाचा प्रश्न विचारायला नको होता म्हणाला, आणि आपल्या नंबरांची, चेहऱ्यांची आणि बायकोची सगळी कर्मकहाणीही सांगून टाकली. बायकोच्या भागावर बाई फार हसल्या. लेकीने विचारलं, चष्मा कधी मिळेल. शनिवारी, तो म्हणाला. ती म्हणाली, बरं झालं, मग रविवारी मी आईकडे चहाला येते. कुलपाचं कुणी काही बोललं नाही, पण बाईंनी लेकीच्या हातावर हात ठेवला, तेव्हा त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं हे उघड झालं.

निघण्यापूर्वी बाईंनी लाल पेन मागितलं. कागदाच्या समासात, ओळ जिथे सर्वांत उंच गेली होती तिथे, त्यांनी दोन शब्द लिहिले. "खाली ये." अक्षर थोडं थरथरत होतं, पण ओळ सरळ होती.

दारापाशी त्या वळल्या. "शनिवारी येते. तुझ्या लक्षात माझं तोंड राहणार नाही, होय ना?"

"नाही राहणार, बाई," चष्मेवाला म्हणाला. खोटं बोलायची छाती नव्हतीच.

"मग ओळखलंस का म्हणून नाही विचारणार. आल्या आल्या चष्मा काढून तुझ्यासमोर ठेवीन." त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. लेकीने दार उघडलं, आणि बाहेर पडल्यावर न सांगता लावून घेतलं.