सुकटची भरती

"पियूष, काढ तुजा कुत्रा बोटीखालून! भरती थांबनार हाय का तुज्यासाठी?"

काळूराम तांडेलाचा आवाज म्हणजे अर्ध्या कोळीवाड्याला जाग. पावसाळ्याची बंदी संपली होती, नारळ समुद्राला देऊन झाला होता, सगळ्यांच्या होड्या पाण्यात गेल्या होत्या. वाळूवर राहिली होती ती एकट्या काळूरामाची, आणि तिच्या सावलीत पियूषचा कुत्रा सुकट निपचित पडला होता.

पियूष गेल्या वर्षी पनवेलहून नीराआत्याकडे आला. आई-बाप कंपनीत पाळ्या करायचे, पोराला बघायला कुणी नव्हतं. इथली पोरं त्याच्या बोलण्याला हसायची, म्हणून त्यानं बोलणंच सोडलं. हा खप्पड कुत्रा मात्र हसत नव्हता. सुरुवातीला तो माणसाच्या सावलीलाही बिचकायचा. पियूष माशाचं डोकं वाळूवर ठेवी, लांब जाऊन पाठ करून बसे. नजर भिडवली की कुत्रा पळायचा. असं करता करता एक दिवस पाठीला ओलं नाक टेकलं, आणि पोराला एवढा आनंद झाला की तो हललासुद्धा नाही.

श्रावणात सुकटनं खाणं टाकलं. कानांत गोचिडी, हिरड्या पांढऱ्याफटक. मुरुडच्या गुरांच्या डॉक्टरांनी ओठ उचलून बघितलं आणि गोचीडताप सांगितला. पियूष उकडलेल्या बोंबलात गोळी दडवून भरवायचा. थोडे दिवस शेपटी हलली, मग बोंबीलही नकोसा झाला. "रक्तच उरलं नाही रे," डॉक्टर म्हणाले. "आता ओढाताण करू नकोस. पाणी दे, जवळ बस."

म्हणून तो बसला होता.

"त्याला उचललं की दुखतं, काका," पियूष म्हणाला. "आजच्या दिवस राहू द्या ना."

खलाशी करवादले. "तांडेल, पयला म्हावरा दुसऱ्यांनी नेला, आता दुसरा बी जाईल!"

काळूराम वाकून बोटीखाली शिरला. कुत्र्याच्या बरगड्या वरखाली होताना त्यानं नुसत्या बघितल्या, आणि बाहेर येऊन खलाशांवरच खेकसला, "जावा घरी! बोट उद्याच्या भरतीला लोटू. मासा काय समुद्र सोडून चाललाय?"

मग तोही पोराशेजारी वाळूत बसला.

दुपारी पाणी ओसरायला लागलं तेव्हा सुकटचं डोकं पियूषच्या मांडीवर होतं. एक लांब श्वास आला, त्यानंतर आला नाही. पियूषनं बराच वेळ वाट पाहिली.

"गेला रं," काळूराम हळू म्हणाला. "पर एकटा न्हाय गेला."

सुरूच्या झाडांखाली, भरती पोचत नाही तिथं, काळूरामानं स्वतः खड्डा खणला. माती पियूषनं लोटली, हातांनीच.

दुसऱ्या दिवशी बोट लोटायला सारा वाडा जमला. काळूरामानं पियूषला हाताला धरून आणलं आणि आपल्याशेजारी खांदा लावायला उभं केलं. ओंडक्यांवरून बोट सरकली तशी माणसं ओरडली, पियूषही ओरडला. गावात आल्यापासून पहिल्यांदाच तो एवढ्या मोठ्यानं ओरडत होता, आणि त्यात तो रडतोय हे एकट्या काळूरामाला कळलं.