वरची मर्यादा

गणिताच्या विभागप्रमुखांना बेरजेची सीमा म्हणजे डाव्या हाताचा मळ. बेरीज दिसली रे दिसली की ते इंटिग्रलचं चिन्ह ओढत, खाली शून्य आणि वर एक ठोकून मोकळे होत. तीस वर्षं वर एकच. दुसरा आकडा तिथं बसू शकतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

उत्तरपत्रिका तपासायच्या खोलीत त्यांनी आदर्श उत्तर सहीसाठी फिरवलं. प्रश्न त्यांचाच होता : एक भागिले (n + r), r एकपासून 2n पर्यंत, ही बेरीज n वाढत गेल्यावर कुठे टेकते? उत्तर, लॉग दोन. माना डोलल्या, सह्या झाल्या. कागद शेवटी आला त्यांच्या सुनेकडे. ती त्याच विभागात हंगामी शिकवत होती, आणि तिला कायम करण्याची शिफारस सासऱ्यांच्याच टेबलावर पडून होती.

तिच्या गठ्ठ्यात बऱ्याच पोरांनी लॉग तीन लिहिलं होतं. सही केली की त्या सगळ्यांना भोपळा.

"बाबा, वरची मर्यादा दोन हवी."

"इथं बाबा नाही, सर."

"सर, दोन हवी. n बाहेर काढला की एक भागिले n उरतो, तो dx. आत r भागिले n, तो x. r 2n पर्यंत जातो, म्हणजे x दोनपर्यंत. एक भागिले (1 + x), शून्य ते दोन. लॉग तीन."

"शून्य ते एक! पुस्तकं वाचा जरा."

"पुस्तकातली बेरीज n पदांची असते. ही 2n पदांची आहे."

"सूनबाई, शिफारस अजून गेलेली नाही, बरं का."

खोलीत एकदम सगळ्यांना आपापले गठ्ठे फार महत्त्वाचे वाटू लागले.  तिचा आवाज मात्र तसाच मऊ राहिला.

"पहिल्या n पदांतच लॉग दोन होतो, सर. उरलेली n पदं काय पंगतीला आलेली पाहुणी? त्यातलं लहानात लहानही एक भागिले 3n. सगळी मिळून निदान एक तृतीयांश तरी भरतात. ती गेली कुठं?"

सासऱ्यांनी कागदाकडे पाहिलं.  मग घसा खाकरला.

"हेच! हेच बघत होतो मी, कोण सांगतंय ते. सह्या करायला सगळे पुढे!" आणि लॉग दोनचा लॉग तीन करून त्यांनी सगळ्यांना फैलावर घेतलं. नुकत्याच डोललेल्या माना आता लाजेनं खाली गेल्या. डोलायला काय, खाली जायला काय, त्या तयारच असत.

दुसऱ्या दिवशी वर्गात ते फळ्यासमोर गरजत होते, "उरलेली पदं काय पंगतीला आलेली पाहुणी?" पोरं खिदळली. दाराशी सून उभी होती, हातात शिफारशीची प्रत. त्यात लिहिलं होतं : वरिष्ठांकडून शिकण्याची वृत्ती उत्तम.

तिनं घडी घालून ती पर्समध्ये ठेवली आणि लॉग तीनवाल्या पोरांचे गुण चढवायला गेली.