रिकाम्या दोन मात्रा

संपादकबाईंनी बालकवितेचा कागद तिच्या हातातून अलगद काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"स्वतःची कविता स्वतःच्या तोंडानं तपासू नकोस," त्या म्हणाल्या. "तुला चाल पाठ आहे. वाटेत खड्डा आला तरी तुझी जीभ त्यावरून उडी मारून जाते आणि तुला कळतही नाही. दुसऱ्या कुणाला तरी वाचायला दे. गाण्याचा गंध नाही अशा माणसाला दे."

तिने मान डोलावली. पण ती नुसतीच. मनात म्हणाली, माझा परीक्षक घरीच बसलाय. तीन वर्षांची तिची लेक, जिला सगळेच पिटुकली म्हणत, कविता सुरू झाली की पलंगावर उड्या मारायची. याहून मोठं प्रशस्तिपत्र कोण देणार? तिने सगळ्या कविता स्वतःच वाचल्या, पिटुकली सगळ्यांवर उडाली आणि पुस्तक छापखान्याच्या वाटेला लागलं. आता शेवटची प्रुफं, छपाईआधी तपासायची पानं, घरी आली होती. उद्या सकाळी ती परत गेली की पुन्हा काही बदलता येणार नव्हतं.

आणि नेमका आजच तिचा घसा बसला.

साधासुधा नाही, पार बसला. डॉक्टरांनी औषध दिलं, गरम पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि बोलायला मनाई केली. तिला घशाची काळजी नव्हती. काळजी दुपारची होती. जेवण झालं की आईने वाचायचं आणि मग झोपायचं, हा पिटुकलीचा कायदा होता. तो मोडला तर मुलगी झोपणार नाही, झोपली नाही तर संध्याकाळी किरकिर करेल, किरकिर केली तर जेवणार नाही; आणि न जेवता झोपली तर रात्रभर पोटावर हात ठेवून कोण बसणार? तिची काळजी अशीच एकातून एक निघायची, विणलेल्या स्वेटरचा धागा सुटावा तशी.

सुट्टीचा दिवस होता म्हणून नवरा घरी होता. तो जमीनमोजणीच्या कामावर होता, आणि त्याच्याविषयी घरातला जुना विनोद असा की लग्नाआधीची पत्रंसुद्धा त्याने हद्दीच्या खुणा सांगितल्यासारखी लिहिली होती. तिने खुणेने प्रूफ पुढे केलं. तो भिंतीला टेकून पलंगावर बसला, पिटुकली त्याच्यासमोर गुडघे वाकवून तयारीत उभी राहिली. ती स्वतः दाराच्या चौकटीला टेकली.

त्याने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

"डुगडुग डोले गबडगुला."

पहिल्या ओळीला काही अडलं नाही. अडणारही नव्हतं. त्या ओळीवर तिचा जीव होता. सुरुवातीला तिच्या या प्राण्याचं नाव भलतंच होतं, जोडाक्षरांनी खचाखच भरलेलं. ऐकायला मजेशीर, पण पिटुकलीला ते म्हणता येईना. जीभ अडकली की मूल नाव सोडून देतं, आणि नाव सोडलं की प्राणीही सोडतं. मग तिने आठवडाभर घरात फिरताना नुसते आवाज करून पाहिले. ट आणि झ यांतून बारीक, टोकदार, चपळ असं काहीतरी निघे. तिला गोल आणि जड हवं होतं. ग, ब, ड आणि ल जवळ आले आणि गबडगुला तयार झाला. कुठल्याही शब्दकोशात नसलेला. पण ऐकल्याबरोबर पिटुकलीने गाल फुगवून दाखवले होते, म्हणजे तो कसा दिसतो हे तिला कळलं होतं.

आणि तो टाळीत बसत होता. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. चार मात्रा झाल्या की एक टाळी. डुगडुग, टाळी. डोले, टाळी. गबडगु, टाळी. मग एकटा ला, आणि त्याच्यापुढे दोन मात्रा रिकाम्या. त्या रिकाम्या जागेत काहीच लिहिलेलं नसे. तिथे पिटुकलीचे पाय पलंगावर आदळत. धप्प.

आताही आदळले. नवऱ्याने दुसरी ओळ वाचली.

"ढगाला बांधतो उंच झुला."

पिटुकलीने गुडघे वाकवले. पण उडी निघाली नाही. ती तशीच अर्धवट वाकून बापाच्या तोंडाकडे बघत राहिली, बसथांब्यावर न थांबता बस निघून गेल्यावर माणूस बघतो तशी.

"बाबा, असं नाही," ती म्हणाली.

त्याने पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. पिटुकली खाली बसली आणि चादरीचा दोरा ओढू लागली.

दारातून ती पुढे आली. बोलायला मनाई असूनही कुजबुजली, "नीट वाच ना."

"जे लिहिलंय तेच वाचतोय," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याने ओळीखाली बोट ठेवून तिला दाखवलंही. "तू कसं वाचतेस इथे?"

तिने ओठांतल्या ओठांत म्हणून दाखवलं, तळहातावर बोटांनी ठेका धरून. आणि अर्ध्यातच थांबली. ती 'ढगाला' म्हणतच नव्हती. ती 'ढगा' म्हणून 'ला' गिळत होती, 'बांधतो'मधला 'तो' घाईघाईने पुढच्या शब्दात कोंबत होती, आणि 'उंच'वर येईपर्यंत सगळं सावरून घेत होती. आज कित्येक दिवस. चाराच्या टाळीत तिने पाच-पाच मात्रांचे दोन शब्द लागोपाठ ठेवले होते. टाळी पडायची ती शब्दाच्या पोटात.

"मग तू वाचतेस तसं लिही की," तो म्हणाला.

तिने प्रूफ घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. कानशिलं तापली होती. हे पुस्तक किती घरांत जाईल कोण जाणे. पण त्यांतल्या एकाही घरात ती नसेल. तिथे दमून आलेला एखादा बाप असेल, चष्मा विसरलेली आत्या असेल, एका हाताने कुकर लावणारी कुणीतरी असेल. ती सगळी माणसं लिहिलंय तेच वाचणार. आणि पलंगावर एक मूल गुडघे वाकवून उभं राहणार.

ओट्याशी उभं राहून तिने टाळी धरली, डाव्या हाताच्या बोटाने, पिठाच्या डब्यावर. 'ढगास बांधे' मोजून चोख बसत होतं. पण 'ढगास' हा शब्द पिटुकलीच्या जगात कुणी बोलत नव्हतं. पाठ्यपुस्तकाचा वास यायचा त्याला. 'ढगी बांधतो'मध्ये जीभ उगाच घसरत होती. मग तिच्या लक्षात आलं की झुला ढगाला बांधायची गरजच काय, तो ढगात असू दे. ढगात, टाळी. बांधी, टाळी. उंच झु, टाळी. ला. आणि पुढे त्या दोन रिकाम्या मात्रा, आता कुणाचं काही देणं नसल्यासारख्या मोकळ्या. पुस्तकाच्या चित्रकाराने झुल्याचा दोर ढगाच्या आत शिरतानाच काढला होता. त्याचंही बिघडत नव्हतं. 'बांधी' थोडं गाण्यातलं होतं, पण गाण्यातलं गाण्यात चालतं.

उरलेल्या कविताही तिने तशाच डब्यावर ठोकून पाहिल्या, आवाज न करता, नुसतं बोट. घसा बंद होता हे एका परीने बरंच झालं. आणखी दोन ठिकाणी बोट अडलं. तीही तिने दुरुस्त केली आणि पेन्सिल कानामागे खोचली.

बदल कुठे केला ते न सांगता तिने प्रूफ नवऱ्याच्या हातात दिलं. पिटुकली रुसून भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"डुगडुग डोले गबडगुला," तो त्याच्या त्या सपाट आवाजात वाचू लागला,
"ढगात बांधी उंच झुला.
वर गेला की म्हणतो टीं,
खाली येता म्हणतो झीं."

'झुला'पर्यंत पिटुकली उठली होती. 'टीं'ला तिचे पाय बरोबर रिकाम्या जागेत पडले. 'झीं'ला पलंग करकरला. दुसऱ्यांदा वाचताना नवऱ्याचा गुडघा हलू लागला, आणि त्याचं त्याला भान नव्हतं. त्याचा आवाज तसाच होता, हद्दीच्या खुणा सांगणारा. पण ओळच त्याला धरून झोके देत होती.

"बाबा, परत," पिटुकली म्हणाली.

परत झालं. मग पुन्हा परत. तिने एकदाही दाराकडे पाहिलं नाही. आई तिथे उभी आहे हे तिला बहुधा आठवतही नव्हतं. दाराच्या चौकटीवर आईचा हात थोडा घट्ट झाला, मग सैल पडला. ती हळूच मागे वळली, पेलाभर गरम पाणी घेतलं आणि खिडकीपाशी स्टुलावर बसली. दुपारी असं नुसतं बसायला मिळून किती दिवस झाले होते, ते तिला आठवेना. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. आतून टीं आणि झीं येत होतं. एवढ्यानेच तिला बरं वाटू लागलं, घशालासुद्धा.

मग आवाज थांबला.

ती पेला ठेवून उठली. अशी एकाएकी शांतता म्हणजे मूल पलंगावरून खाली तरी पडलंय, किंवा तोंडात काही तरी घातलंय. अनवाणी, भराभर ती दारापर्यंत गेली.

नवरा झोपला होता. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, छातीवर प्रूफ. त्याच्या पोटापाशी पिटुकली मांडी घालून बसली होती. एक बोट भलत्याच ओळीवर ठेवून ती त्याला हळू आवाजात वाचून दाखवत होती. मधले शब्द तिचे होते, आजवर कुणी न ऐकलेले. टाळी मात्र जागच्या जागी पडत होती. ओळ संपली की ती थांबे. उडी न मारता, बापाच्या दंडावर हलकेच थोपटे, आणि पुढे जाई.

आईला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं.

आई पाय न वाजवता जवळ गेली. प्रूफ उचलण्याआधी सवयीने नवऱ्याच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं. श्वास संथ होता. शेवटचं पान अर्धं कोरं राहिलं होतं. तिथे काही छापायचं ठरलेलं नव्हतं. कानामागची पेन्सिल काढून पलंगाच्या कडेवर बसल्या बसल्या तिने मोठ्या अक्षरांत दोन ओळी लिहिल्या, ज्या कुणाच्या घरी हे पान उघडेल त्या लहानग्यांसाठी:

वाचुन दमले कोण घरी?
हळूच जाउन बघा तरी.